बोधगयेला रेल्वेने जाताना : कोणता डबा घ्यावा आणि सामान कसे सांभाळावे

थंडी सुरू झाली की आमच्या वस्तीतून बोधगयेला जायची चर्चा सुरू होते. कोणी कुटुंबासह निघते, कोणी महिला मंडळाबरोबर, तर काही जण पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर पडत असतात. मग आमच्याकडे विचारणा होते ती दोनच गोष्टींची. तिकीट स्लीपरचे काढायचे की एसीचे? आणि सामान चोरीला जाणार नाही ना? पहिला प्रश्न पैशांचा आणि दुसरा भीतीचा असे वाटते, पण गेली काही वर्षे असे गट घेऊन जाताना आमच्या लक्षात आले की हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. आपण कोणत्या डब्यात, कोणत्या बर्थवर झोपतो यावर सामान किती सुरक्षित राहील हे बरेचसे ठरते.

मुंबईहून गयेला जायला प्रयागराजमार्गे हावड्याला जाणारी मेल आहे. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेसही गयेवरून जाते. मुंबई ते गया हे अंतर रेल्वेने साधारण सतराशे किलोमीटर आहे. मेलने रात्री निघालो तर दुसरा पूर्ण दिवस गाडीत जातो आणि गया येते ती दुसऱ्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर. उतरण्याची वेळ सगळे गाढ झोपलेले असतानाची, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आधी डब्यांचे पाहू. स्लीपरमध्ये आठ बर्थचा एक कप्पा असतो. समोरासमोर तीन-तीन आणि बाजूच्या गल्लीला दोन. थ्री एसीची मांडणीही तशीच. फरक इतकाच की तिथे खिडक्या बंद असतात, चादरी, उशी, ब्लँकेट मिळते आणि भाडे स्लीपरच्या अडीच पटीपेक्षा थोडे जास्त पडते. टू एसीमध्ये मधला बर्थ नसतो, कप्प्यात सहाच माणसे आणि गल्लीच्या बाजूला पडदे. भाडे थ्री एसीच्या साधारण दीडपट. फर्स्ट एसीत दार आतून बंद करता येणारी खोली मिळते, पण त्या भाड्यात आमच्यासारख्यांचा बोधगयेचा सगळा खर्च निघतो, म्हणून तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. काही गाड्यांना थ्री एसी इकॉनॉमी नावाचा डबा असतो. भाडे थ्री एसीपेक्षा थोडे कमी, पण नेहमीच्या डब्यात ७२ बर्थ तर यात ८३ पर्यंत बसवलेले. म्हणजे दोन बाकांमधली जागा कमी आणि बॅगा ठेवायलाही ओढाताण. चार दिवसांच्या कपड्यांची छोटी बॅग घेऊन एकटा तरुण जात असेल तर तो डबा चांगला. गुडघे दुखणाऱ्या आजी आणि तीन पिशव्या असतील तर नको.

स्लीपर वाईट असे आमचे म्हणणे नाही. आम्ही बहुतेक प्रवास त्याच डब्याने केला आहे. पण या मार्गावर दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. एक म्हणजे हवा. डिसेंबर-जानेवारीत जबलपूरच्या पुढे रात्रीची थंडी महाराष्ट्रातल्या थंडीसारखी नसते. स्लीपरच्या खिडकीच्या फटीतून येणारा वारा खालच्या बर्थवरच्या माणसाच्या नेमका डोक्याला लागतो आणि अंथरूण-पांघरूण आपल्यालाच न्यावे लागते. दोन जाड ब्लँकेट म्हणजे एक मोठी पिशवी वाढली, आणि ती सांभाळायचे कामही वाढले. दुसरी गोष्ट गर्दीची. दुसऱ्या दिवशी सतना, प्रयागराज या पट्ट्यात जवळच्या प्रवासाचे लोक स्लीपरमध्ये चढतात, बाकाच्या कडेला टेकतात, खाली आपल्या गोण्या सरकवतात. ते काही चोर नसतात, कामावर जाणारी, लग्नाला निघालेली आपल्यासारखीच माणसे असतात. पण त्यांच्या चढण्या-उतरण्यात आपली बॅग पुढे-मागे सरकते, नजरेआड जाते, आणि ज्याला चोरी करायची आहे त्याला हीच गडबड हवी असते.

एसीत ही वर्दळ कमी असते. तरीही एसीचे तिकीट म्हणजे सामानाची हमी, असे समजू नये. तिथे अंधार आणि शांतता जास्त, लोक निर्धास्त झोपतात आणि बॅगाही महागड्या असतात. तिकीट काढून, नीटनेटके कपडे घालून येणाऱ्या चोराला तो डबा काही परका नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मुलाची गोष्ट सांगायला हवी. उत्तरेतल्या एका विद्यापीठात प्रवेशासाठी तो एकटाच निघाला होता. मूळ कागदपत्रे पडताळणीला लागतात म्हणून दहावीपासूनच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, सगळे एका फाइलमध्ये घालून ती फाइल त्याने कपड्यांच्या बॅगेत ठेवली. त्याचा बर्थ बाजूचा खालचा, दाराजवळचा. बॅग बर्थखाली, साखळी नाही. पहाटे चारच्या सुमारास गाडी एका स्टेशनवर थांबली आणि हलली, तेव्हा त्याला जाग आली. तहान लागली म्हणून बाटली काढायला तो वाकला तर खाली बॅग नव्हती.

तो घाबरून गेला. डब्यातल्या एका कर्मचाऱ्याने त्याला सांगितले की पुढच्या स्टेशनवर उतर आणि पोलिसांत तक्रार दे. तो उतरला. तक्रार लिहून होईपर्यंत गाडी निघून गेली. खिशात दोनशे रुपये, अंगावर एक शर्ट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदपत्रांची पडताळणी. त्याला तिथे उतरायची काही गरज नव्हती, हे आम्हाला नंतर कळले आणि फार वाईट वाटले. त्याबद्दल पुढे सांगतोच.

या मुलाची चूक एसी न घेण्यात नव्हती. बर्थ, साखळी आणि फाइलची जागा या तिन्ही गोष्टी त्याच्या विरोधात गेल्या. आपल्या घरांत वैधता प्रमाणपत्र मिळवायला काय खेटे घालावे लागतात हे वाचकांना सांगायला नको. असा कागद कपड्यांच्या बॅगेत कधीच ठेवू नये. मूळ प्रत लागणारच असेल तर ती शर्टाच्या आत बसणाऱ्या पातळ पाकिटात किंवा रात्री डोक्याखाली घेतलेल्या छोट्या पिशवीत असावी. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक कागदाचा स्पष्ट फोटो काढून घरच्यांच्या फोनवर पाठवून ठेवावा. नुसता आपल्या फोनमध्ये ठेवला तर फोनबरोबर तोही जातो. गाडीत ओळखपत्र दाखवायला डिजिलॉकरमधले आधार चालते, त्यासाठी मूळ कार्ड न्यायची गरज नसते.

आता बर्थ कसा निवडायचा ते. स्लीपर आणि थ्री एसीत बर्थ क्रमांकाला आठने भागले की जागा कळते. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ उरली तर मधला, ३ किंवा ६ उरली तर वरचा, ७ उरली तर बाजूचा खालचा आणि पूर्ण भाग गेला तर बाजूचा वरचा. १७ क्रमांक म्हणजे खालचा, २४ म्हणजे बाजूचा वरचा. सामानाच्या दृष्टीने डब्याच्या मधल्या कप्प्यातला खालचा बर्थ सगळ्यात चांगला, कारण साखळी आपल्याच बाकाखाली बांधता येते आणि दारातून आलेल्या माणसाला आपल्यापर्यंत पोचायला अर्धा डबा ओलांडावा लागतो. एकट्या तरुणाने वरचा बर्थ घ्यावा. बॅग उशाला घेतली की खालून कोणाचा हात पोचत नाही. मधल्या बर्थची मात्र पंचाईत. सामान दुसऱ्याच्या बाकाखाली आणि आपण अधांतरी. शिवाय मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात उघडायचा नियम आहे, म्हणजे दिवसभर खालच्याच्या शेजारी बसून काढायचे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण निघालो होतो. ६८ आणि ६३ वर्षांच्या दोन आजी, ५० आणि ४७ वर्षांच्या दोन ताई, एक जोडपे आणि त्यांची सात वर्षांची मुलगी, आणि आम्ही दोन कार्यकर्ते. पहिला विचार असा होता की आजींना एसी आणि बाकीच्यांना स्लीपर. खर्च वाचला असता. पण मग रात्री आजींना काही झाले तर त्यांच्याजवळ कोण? स्लीपरचे तिकीट असलेल्याला एसीत जाऊन बसता येत नाही. वयस्कर माणसाला आरामासाठी वरच्या वर्गात एकटे बसवणे म्हणजे आराम देऊन आधार काढून घेणे. शेवटी सगळ्यांनी थ्री एसी घ्यायचे आणि बोधगयेतला मुक्काम एक दिवसाने कमी करायचा असे ठरले. मे महिना असता, मंडळी तरुण असती, तर आम्ही स्लीपरचाच आग्रह धरला असता का? मेमध्ये तिकडचे ऊनही जीवघेणे असते, तेव्हा आजी बरोबर असल्या तर नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच-सहा धडधाकट माणसांना स्लीपर पुरे होतो.

तिकीट काढताना एक गोष्ट बहुतेक लोक चुकतात. एका तिकिटावर सहा जण बसतात, म्हणून सहा-सहा करून मोकळे होतात. पण ६० वर्षांवरील व्यक्ती आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा जो वेगळा कोटा असतो, तो तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसे असतील तेव्हाच लागू होतो. आजींना मुलगा, सून, नातवंडांसह एकाच तिकिटावर घातले की तो हक्क गेला, मग मिळेल तो बर्थ. आम्ही दोन आजींचे एक, दोन ताईंचे एक आणि उरलेल्या पाच जणांचे एक, अशी तीन तिकिटे एकापाठोपाठ काढली आणि तिन्ही वेळा एकाच डब्याची पसंती भरली. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वी १२० दिवस आधी उघडायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते बदलले. जुन्या सवयीने चार महिने आधी खिडकीवर जाऊन परत येणारे लोक आम्ही पाहिले आहेत. मुलीला अर्ध्या तिकिटात वेगळा बर्थ मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर भाडे पूर्ण पडते. दोन रात्रींसाठी आम्ही तो घेतला.

वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये किंवा एसीत चढू नये. नियमात बसत नाही, आणि ज्याला स्वतःची जागा नाही त्याच्या सामानालाही जागा नसते.

असे करून आम्हाला चार खालचे बर्थ मिळाले. त्यातले १७ आणि २० एकाच कप्प्यातले, समोरासमोरचे. नऊ माणसांचे सगळे मोठे सामान आम्ही त्या दोन बाकांखाली आणले. स्लीपर आणि थ्री एसीत माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते, पण ते वजन म्हणून. बाकाखालच्या जागेला तो आकडा माहीत नसतो. टणक कवचाची फुगीर सुटकेस बऱ्याचदा तिरकी करूनही आत जात नाही आणि मग गल्लीत उभी राहते, म्हणजे चोराच्या हाताशी. कापडी, दबणारी बॅग बरी.

साखळीबद्दल थोडे सविस्तर. बाकाखाली भिंतीच्या बाजूला लोखंडी कडी किंवा तारेचा फास असतो. काही डब्यांत तो तुटलेला असतो, तेव्हा बाकाच्या पायाचा किंवा आडव्या नळीचा आधार घ्यावा. साखळी मीटर-सव्वामीटर लांब हवी. स्टेशनवर मिळणारी हातभर साखळी एका बॅगेतच संपते. ती प्रत्येक बॅगेच्या मुठीतून ओवून घ्यायची, चेनच्या टोकातून नाही. मूठ बॅगेला शिवलेली असते, चेनचे टोक ओढले की हातात येते. आणि चेनला लावलेल्या छोट्या कुलपावर फार विसंबू नका. बॉलपेनचे टोक दाबून चेन मधूनच उसवता येते आणि तेच टोक फिरवून पुन्हा बंदही करता येते, मालकाला घरी जाईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून साखळी बॅग वाचवते, बॅगेतले सामान वाचवेलच असे नाही. पैसे, दागिने, कागद, रोजची औषधे त्या बॅगेत ठेवूच नयेत. आमच्या एका ताईंनी औषधे साखळीतल्या बॅगेत ठेवली होती आणि रात्री अकराला सगळे सामान सोडावे लागले. किल्ल्या दोन असतात, त्या दोन वेगळ्या माणसांकडे द्याव्यात. एकाच गळ्यात दोन्ही असल्या तर दुसरी असून नसल्यासारखी.

चोरी मध्यरात्री होते अशी समजूत आहे. आम्ही ज्या ज्या लोकांशी बोललो त्यांचा अनुभव असा की पहाटे तीन ते पाच ही वेळ वाईट, आणि त्यातही गाडी स्टेशनातून सुटण्याचा क्षण. बॅग घेऊन उतरणारा माणूस तेव्हा कोणालाच वेगळा वाटत नाही, आणि आपण जागे होईपर्यंत गाडीने वेग घेतलेला असतो. स्लीपरमध्ये खिडकीतून हात घालून फोन किंवा पर्स ओढण्याचे प्रकारही याच क्षणी होतात, म्हणून स्टेशन आले की खिडकीजवळच्या माणसाने शटर खाली ओढून खिटी लावावी. फोन दूरच्या प्लगला लावून झोपणे म्हणजे तो देऊन टाकणे. चार्जिंग दिवसा करावे, नाहीतर छोटी पॉवर बँक ठेवावी. अनोळखी माणसाने आग्रहाने दिलेले बिस्कीट-चहा नम्रपणे नाकारावे. आजींना हे पटवणे सगळ्यात अवघड गेले. त्यांच्या मते ते माणुसकीला धरून नव्हते!

गयेला उतरताना आम्ही १३९ वर आधीच उतरण्याच्या स्टेशनचा इशारा लावला होता आणि फोनमध्ये गजरही. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे पूर्वीचे मुगलसराय, मागे पडले की सासाराम आणि डेहरी-ऑन-सोन येते आणि मग गया. सासारामला एक जण उठला, त्याने साखळी सोडली आणि बॅगा मोजल्या. डेहरीला सगळ्यांना उठवले. उतरायच्या घाईत अंधारात साखळी सोडायला गेलो तर किल्ली सापडत नाही आणि कोणाची तरी पिशवी मागे राहते. धुक्यामुळे गाडी चार-पाच तास उशिरा आली तर उलट बरेच, उजेडात उतरता येते. वेळेवर आली तर स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत थांबावे आणि मग पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या बोधगयेसाठी रिक्षा करावी.

इतके करूनही चोरी झाली तर? गाडीतून उतरू नये. टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे तक्रारीचा छापील अर्ज असतो, तो चालत्या गाडीतच भरून देता येतो. पुढच्या रेल्वे पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून तो जिथे चोरी झाली त्या हद्दीत पाठवायचे काम त्यांचे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावी, अशी स्पष्ट तरतूद आहे. लगेच १३९ वर फोन करून डबा, बर्थ आणि शेवटचे स्टेशन सांगावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. अर्जात "बॅग चोरीला" एवढेच न लिहिता आत काय होते ते एकेक लिहावे, प्रमाणपत्रांची नावे आणि क्रमांकांसह. दुय्यम प्रत काढताना तेच कागदोपत्री उपयोगी पडते. फोन गेला असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक लागतो. घरून निघतानाच *#06# दाबून तो पाहून वहीत लिहून ठेवावा. त्या क्रमांकावरून संचार साथीच्या संकेतस्थळावर फोन बंद करता येतो.

भरपाईबद्दल खोटी आशा ठेवू नये. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १०० प्रमाणे जे सामान आपण स्वतःजवळ ठेवून नेतो, त्याची जबाबदारी रेल्वेवर तेव्हाच येते जेव्हा रेल्वेचा किंवा तिच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध होते. एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये सांगितले की ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही. मात्र आरक्षित डब्यात विनाआरक्षण लोकांना येऊ दिले आणि त्यातून चोरी झाली, अशा काही प्रकरणांत ग्राहक आयोगांनी प्रवाशांच्या बाजूने निकाल दिले आहेत. म्हणून डब्यात अशी गर्दी झाली तर तेव्हाच १३९ वर तक्रार करून ठेवावी. चोरीनंतर "गर्दी होती" म्हणणे आणि चोरीच्या चार तास आधीचा तक्रार क्रमांक दाखवणे यात फार फरक पडतो. तिकिटाबरोबर ४५ पैशांत मिळणारा विमा अपघातातील मृत्यू आणि दुखापतीसाठी असतो, चोरीला गेलेल्या सामानासाठी नाही.

त्या मुलाचे पुढे असे झाले की विद्यापीठाने त्याला मूळ कागद सादर करायला मुदत दिली, कारण त्याच्याकडे पोलिसांच्या तक्रारीची प्रत होती आणि बहिणीच्या फोनवर सगळ्या कागदांचे फोटो होते. वैधता प्रमाणपत्राच्या दुय्यम प्रतीसाठी त्याचे वडील अजूनही कार्यालयात जात आहेत. यंदा आमच्या गटाबरोबर तो येणार आहे आणि साखळ्या आणायचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले आहे.